सुगममधून बाहेर पडताना

आमच्या बाजारपेठेत एक प्रश्न दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघतो. आठ टक्के दाखवून मोकळं व्हायचं, की खरा नफा-तोटा काढायचा? तोवर वर्ष संपून चार महिने झालेले असतात, मार्चअखेरचा माल विकून गेलेला असतो आणि निम्म्या खर्चाच्या पावत्या सापडत नसतात. म्हणजे प्रश्न विचारेपर्यंत उत्तर आपोआप ठरून गेलेलं असतं. माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. आठ टक्क्यांच्या योजनेत मी शिरलो कसा आणि बाहेर पडताना काय काय झालं, ते आकड्यांसकट सांगतो, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

आधी योजना काय ते थोडक्यात. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४ एडी म्हणतं की तुमची वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल, तर खर्चाचा हिशेब देऊ नका. उलाढालीच्या ८ टक्के नफा झाला असं धरून कर भरा. जी रक्कम चेकने, बँकेतून किंवा यूपीआयने आली तिच्यावर ८ ऐवजी ६ टक्के. रोखीचं प्रमाण एकूण उलाढालीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटींपर्यंत जाते. वह्या नकोत, ऑडिट नको, आगाऊ कर चार हप्त्यांत न भरता १५ मार्चला एकदाच. विवरणपत्र 'सुगम' नावाचं, थोडक्यात संपणारं. ही सोय व्यक्तीला, एकत्र कुटुंबाला आणि भागीदारीला आहे. दलाली-कमिशनवर चालणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्याला नाही. दुकानाच्या पाटीवर 'एजन्सी' लिहिलंय म्हणून घाबरायचं कारण नाही. माल स्वतःच्या नावावर विकत घेऊन स्वतःच्या बिलाने विकत असाल, तर तो तुमचाच व्यापार.

२०२२-२३ या आर्थिक वर्षात माझी उलाढाल ६८ लाख होती (इथले सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत). ४२ लाख रोख, २६ लाख बँकेतून. ४२ लाखांचे ८ टक्के ३ लाख ३६ हजार, २६ लाखांचे ६ टक्के १ लाख ५६ हजार. मिळून ४ लाख ९२ हजार. खरा नफा माझ्या अदमासाने ५ लाखांच्या थोडा वर होता, तेवढाच दाखवला. विमा आणि पीपीएफची वजावट घेतल्यावर कर शून्य. त्याआधीच्या वर्षीही असंच. एकटा माणूस, एक नोकर, किरकोळ विक्रीवर सरासरी १४ टक्के सुटायचे. अशा दुकानाला सुगम अगदी अंगाबरोबर बसतो.

पुढच्या वर्षी खाद्यतेलाची वितरणाची कामं घेतली आणि सगळं गणित फिरलं. तेलात उलाढाल धो धो होते, पण डब्यामागे सुटतं फारच थोडं. २०२३-२४ ची एकूण उलाढाल १ कोटी ६४ लाखांवर गेली. त्यात किरकोळ विक्री ७० लाख, तेल ९४ लाख. ४० लाख रोख आणि १ कोटी २४ लाख बँकेतून. आता अंदाजित नफा काढा: रोखीवर ३ लाख २० हजार, बँकेच्या रकमेवर ७ लाख ४४ हजार. बेरीज १० लाख ६४ हजार.

आणि खरा नफा? किरकोळ विक्रीवर १४ टक्क्यांनी ९ लाख ८० हजार सुटले. तेलावर अडीच टक्क्यांनी २ लाख ३५ हजार. एकूण ढोबळ नफा १२ लाख १५ हजार. त्यातून गाळ्याचं भाडं १ लाख ८० हजार, दोन माणसांचा पगार ३ लाख, टेम्पोचं डिझेल आणि भाड्याच्या फेऱ्या १ लाख १० हजार, वीज-फोन-किरकोळ ६० हजार, बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज ७५ हजार. जुना टेम्पो ३ लाखांना घेतला होता, त्याचा १५ टक्क्यांनी घसारा ४५ हजार. खर्च झाला ७ लाख ७० हजार. हातात राहिले ४ लाख ४५ हजार.

कायदा म्हणतो साडेसहा टक्के कमावलेत. गल्ला म्हणतो पावणेतीन टक्केही नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नफ्यातला फरक सव्वासहा लाखांचा दिसतो, पण तो खिशातून जात नाही. खिशातून जातो तो करातला फरक. त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीच्या दरांनी १० लाख ६४ हजारांवर कर येत होता ६९,६०० आणि ४ टक्के उपकर धरून ७२,३८४. खऱ्या ४ लाख ४५ हजारांवर ७ लाखांपर्यंतच्या करसवलतीमुळे काहीच नाही. म्हणजे सुगममध्ये राहण्याची त्या वर्षाची किंमत ७२,३८४ रुपये. पलीकडच्या पारड्यात काय? उलाढाल १ कोटीच्या वर आणि रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांहून बरंच जास्त, म्हणून सुगम सोडला की ऑडिट सक्तीचं. सीएंची फी आमच्याकडे त्या वेळी २५ हजारांच्या आसपास. शिवाय टॅलीत नोंदी करायला येणाऱ्या मुलाचा महिन्याचा पगार. तरीही वजाबाकीत बाहेर पडणंच स्वस्त दिसत होतं.

सीए म्हणाले, "बाहेर पडा, पण पुढची पाच वर्षं दार बंद होईल, हे माहीत आहे ना?"

हेच ते कलम ४४ एडीचं चौथं पोटकलम, जे सुगम भरताना कुणी वाचून दाखवत नाही. एकदा तुम्ही या योजनेत नफा दाखवला, की पुढची पाच वर्षं त्याच पद्धतीने दाखवत राहायचं. मध्ये एखाद्या वर्षी कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर त्या वर्षानंतरची पाच करनिर्धारण वर्षं योजनेत परत येता येत नाही. माझ्या बाबतीत बाहेर पडण्याचं करनिर्धारण वर्ष २०२४-२५. म्हणून बंदी २०२५-२६ ते २०२९-३०. आणि या बंदीच्या काळात उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही सक्तीचे, मग तुम्ही तेल सोडून परत ६० लाखांच्या किरकोळ धंद्यावर आलात तरी. एरवी ६० लाखांच्या दुकानाला ऑडिट कुणी विचारत नाही.

करपात्र मर्यादा म्हणजे करसवलतीची मर्यादा नव्हे, यात भलेभले घसरतात. ७ लाखांपर्यंत कर लागत नाही म्हणून ७ लाखांपर्यंत ऑडिट नाही, असं माझ्या शेजारच्या कापडवाल्याने गृहीत धरलं होतं. ऑडिटसाठी पाहायचं ते पहिल्या शून्य टप्प्याकडे. तो नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाख होता, २०२५-२६ साठी ४ लाख आहे. ऑडिट लागू असून न केल्याचा दंड त्या वर्षी उलाढालीच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त दीड लाख होता. माझ्या उलाढालीवर तो ८२ हजार झाला असता.

याउलट, ज्याने सुगम कधी घेतलेलाच नाही त्याच्यावर हे बंधन येत नाही. त्याची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर तो आपल्या वह्यांप्रमाणे ३ टक्के नफा दाखवू शकतो, ऑडिटशिवाय. एवढंच नव्हे, येणं आणि देणं दोन्हींत रोख ५ टक्क्यांच्या आत ठेवली, तर १० कोटींपर्यंतही त्याला ऑडिट लागत नाही. कमी सुटणाऱ्या मालाचा ठोक व्यापारी असेल आणि त्याचे बहुतेक व्यवहार बँकेतून होत असतील, तर त्याने सुगमला हात लावण्याआधी ही वाट पाहिली पाहिजे. त्याला पुढे बंदीची भीती राहत नाही आणि कर खऱ्या नफ्यावर बसतो.

बाहेर पडायचं ठरलं आणि खरी अडचण पुढे आली. सीएंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "१ एप्रिल २०२३ ला दुकानात माल किती होता?"

सुगममध्ये खर्च विचारत नाहीत, पण चार-पाच आकडे मागतात: शिल्लक माल, येणं, देणं, हातातली रोख, बँकेतली शिल्लक. माझ्या आदल्या वर्षीच्या विवरणपत्रात शिल्लक मालाच्या रकान्यात ४,००,००० असा गोल आकडा होता आणि व्यापाऱ्यांचं देणं १,००,०००. हे आकडे कुठून आले, ते विवरणपत्र भरून देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. त्या वेळी कर त्यांच्यावर अवलंबून नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. आता मात्र तेच आकडे नव्या वर्षाच्या वहीचं पहिलं पान होणार होते.

प्रत्यक्षात माल होता ७ लाख २० हजारांचा. हे समजायला चार्टर्ड अकाउंटंट असायची गरज नाही: सुरुवातीचा माल कमी धरला की विकलेल्या मालाची किंमत कमी होते आणि तेवढाच नफा वाढतो. ३ लाख २० हजारांच्या फरकाने माझा ४ लाख ४५ हजारांचा नफा कागदावर ७ लाख ६५ हजार होत होता. तो ७ लाखांच्या सवलतीच्या बाहेर, म्हणजे कर ३२,७६० रुपये, न झालेल्या नफ्यावर. आदल्या वर्षीचं विवरणपत्र दुरुस्त करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२३ लाच संपली होती.

मार्ग निघाला तो जीएसटीमुळे. फेब्रुवारी-मार्च २०२३ ची खरेदी पोर्टलवर बिलागणिक होती. त्यातला कुठला माल एप्रिल-मेमध्ये विकला गेला ते विक्रीच्या बिलांवरून जुळवलं. साखर, तूरडाळ, पोहे, साबण असा एकेक माल घेऊन रात्री दुकान बंद झाल्यावर यादी केली. आणि दुसरी बाजूही सापडली: ठोक व्यापाऱ्यांचं देणं १ लाख नव्हतं, ३ लाख ९० हजार होतं. त्यांच्याकडून त्या तारखेचे खातेउतारे मागवले. माल जास्त आणि देणंही जास्त, म्हणजे दोन्हींची वजाबाकी जवळपास तिथल्या तिथेच राहत होती. मागच्या वर्षी ३ लाख, आता ३ लाख ३० हजार. लपवलेल्या पैशातून माल भरलेला नाही, हे दाखवायला हा ताळा उपयोगी पडला. सीएंनी ७ लाख २० हजार धरले, कशाच्या आधारावर धरले ते ऑडिट अहवालात लिहिलं आणि याद्या, उतारे यांची फाइल करून ठेवली. आयकर खातं उद्या विचारू शकतं, ती शक्यता संपलेली नाही.

जीएसटी भरतो म्हणजे माझ्या वह्या आहेतच, असं बरेच जण मानतात. जीएसटीत खरेदी आणि विक्री असते. माल, उधारी, रोजचा गल्ला, घरी नेलेले पैसे, पगार, भाडं यांतलं काहीही नसतं.

'खरा खर्च' म्हणताना काय मोजतो, तेही तपासून घ्या. कच्च्या कागदावर मी खर्च मांडला होता तेव्हा त्यात कर्जाचा सगळा हप्ता होता. चालतं फक्त व्याज, मुद्दल नाही. घरी नेलेला किराणा, मुलीची फी, मालकाने स्वतःला धरलेला पगार हा धंद्याचा खर्च नाही, ती उचल. आणि एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिली की तो खर्च नामंजूर होतो. सुगममध्ये हे कुणी विचारत नव्हतं. माझ्या दोन नोकरांचा पगार महिन्याला प्रत्येकी साडेबारा हजार; एकरकमी रोख दिला असता तर वर्षाचे ३ लाखच्या ३ लाख वहीतून उडाले असते. आमच्याकडे पगार आठवडी बाजाराच्या दिवशी थोडा थोडा देण्याची जुनी रीत आहे, सहीच्या वहीसकट, म्हणून वाचलो. आता सरळ खात्यात टाकतो.

टेम्पोचं म्हणाल तर, सुगममध्ये घसारा वेगळा मिळत नाही, पण मिळाला असं धरून टेम्पोची किंमत मात्र दरवर्षी कमी होत जाते. सुगमची पाच वर्षं काढून मग वह्यांकडे आलात, तर घसारा मागायला किंमतच फारशी उरलेली नसते. मोठी गाडी, फ्रीजर, गिरणी घ्यायचा विचार असेल त्यांनी हे आधी पाहावं.

आता या व्यवहारात मला फायदा झाला का? २०२४-२५ चे आकडेही साधारण तेच होते. त्या वर्षीच्या दरांनी १० लाख ६४ हजारांवर ६१,९८४ रुपये कर आला असता. म्हणजे दोन वर्षांत मिळून १ लाख ३४ हजार वाचले. पण फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला. त्यामुळे २०२५-२६ पासून मी सुगममध्ये असतो तर १० लाख ६४ हजार दाखवूनही काही भरावं लागलं नसतं. मी बाहेर. बंदीचा काळ धरून सहा वर्षं ऑडिटची फी दीड लाखाच्या घरात जाते, टॅलीच्या मुलाचा पगार वेगळाच. वाचवलेले सगळे पैसे फीमध्ये जातात आणि वर थोडे पदरचे पडतात. जमेची बाजू एवढीच की ऑडिट झालेला ताळेबंद बघून बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा विनातक्रार वाढवली, आणि तेलात नक्की किती सुटतं ते मला पहिल्यांदा समजलं. ते समजल्यावर दोन ब्रँड सोडून दिले.

अर्थसंकल्प कुणाला आधी कळत नाही, ते सोडा. पण हिशेब एका वर्षाचा न करता सहा वर्षांचा करायचा, हे २०२४ मध्येही करता आलं असतं. पाटीच्या एका बाजूला लिहायचं: या वर्षी सुगममुळे किती कर जास्त जातो, आणि कमी सुटणारा धंदा अजून किती वर्षं चालेल. दुसऱ्या बाजूला ऑडिट आणि वह्यांचा सहा वर्षांचा खर्च. तेलाचं काम एखाद्या वर्षाचंच असतं, तर ७२ हजार भरून योजनेत टिकणं शहाणपणाचं होतं. आजच्या दरांत तर आणखी सोपं आहे: रोख आणि बँक मिळून अंदाजित नफा १२ लाखांच्या आत बसत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर खरा नफा दोन टक्के असला तरी सुगम सोडण्याचं करापुरतं कारण उरत नाही. त्याच्या वर गेलात की मात्र कागद-पेन्सिल घ्यायची, आणि ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात, १५ मार्चचा आगाऊ कर भरण्याआधी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आहे आणि ही तरतूद त्यात कलम ५८ मध्ये गेली आहे. तेव्हा कलमाचे जुने क्रमांक घेऊन सीएंशी वाद घालू नका, त्या वर्षीचे दर आणि मर्यादा विचारून घ्या.

माझा भाचा मोबाइलचे कव्हर, चार्जर, इअरफोन विकतो. ४८ लाखांची उलाढाल, जवळपास सगळी क्यूआरवर. परवा म्हणाला, "मामा, सहा टक्क्यांनी २ लाख ८८ हजार होतात, तेवढेच दाखवतो." त्याचा खरा नफा ६ लाखांच्या खाली नाही. मी त्याला विचारलं, "६ दाखवलेस तर कर किती?" शून्य. "आणि दोन वर्षांनी फ्लॅटच्या कर्जाला बँक काय मागणार?" तीन वर्षांची विवरणपत्रं. कायद्यातले सहा टक्के हा तळ आहे. जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, असं त्याच कलमात लिहिलंय. ३ लाखांचं उत्पन्न दाखवून खात्यात ५ लाखांची ठेव केलीस तर विचारणा कर्जाच्या नव्हे, नोटिशीच्या भाषेत होते.

तो सुगमच भरणार आहे, आणि त्याच्या धंद्याला तेच बरोबर आहे. फक्त ३१ मार्चला रात्री दुकान बंद करून माल मोजायचा, कुणाचं किती द्यायचं आहे ते लिहायचं, आणि रकान्यात तेच आकडे घालायचे, एवढं कबूल करून घेतलं. चार्जर मोजायला दोन तास लागतात म्हणून तक्रार करत होता.